मुलाखत आणि पेपर एकाच वेळी

प्रश्न : गुरुवारी ११ वाजता मुलाखत आहे, पण तेव्हाच विद्यापीठाचा पेपर आहे. मेलमध्ये काय लिहू?

उत्तर : मुलाखतीचा जो मेल आला, त्यालाच आजच उत्तर द्या, म्हणजे आधीचा मजकूर एचआरसमोर राहील. कारण एका वाक्यात पुरे : ‘गुरुवारी ११ ते २ माझा विद्यापीठाचा पेपर आहे. त्या दिवशी ४ नंतर किंवा शुक्रवारी दिवसभर मी येऊ शकेन. आपल्याला दुसरी वेळ सोयीची असल्यास कृपया कळवावी.’ नुसतं ‘कधीही चालेल’ लिहू नका. त्याने पॅनेलच्या वेळा जुळवणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. हॉल तिकीट मागितलं तरच पाठवा. उद्या दुपारपर्यंत उत्तर आलं नाही, तर फोन करा. नवी वेळ लेखी आल्याशिवाय बदल झाला असं धरू नका.