धडधड सुरू कशी झाली, थांबली कशी

बाळा, परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, छातीत एकदम धडधडायला लागलं, श्वास पुरेना, वाटलं आता संपलंच. दवाखान्यात जाईपर्यंत थांबलं. ईसीजी नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे." टेन्शन असेलही. पण तीस वर्षं कॅज्युअल्टीत नोकरी करूनही मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या, तुझ्या धाकट्या मावशीच्या बाबतीत हेच वाक्य सहा वर्षं खरं मानलं. ते अजून मला लागतं. म्हणून नीट ऐक.

धडधड सुरू कशी होते ते आधी आठवून बघ. जीव घाबरा होतो तेव्हा ठोका दुधासारखा वर येतो. तापत, चढत, मग फसफसून. उतरतोही हळूहळू, वीस-तीस मिनिटं घेऊन. धाकटीचं तसं नव्हतं. ती अंगणात रांगोळी काढायला वाकली की दिव्याचं बटण दाबावं तसं सुरू व्हायचं, आणि तसंच खटकन बंद व्हायचं. ती सांगायची, "ताई, आत्ता थांबलं बघ, या क्षणाला." थांबल्याचा क्षण ज्याला बोटावर दाखवता येतो त्याची धडधड बहुधा मनाची नसते. मात्र पॅनिकचा झटकाही ध्यानीमनी नसताना, अगदी झोपेतही येतो. त्यामुळे "काही कारणच नव्हतं" एवढ्यावर निकाल लावायचा नाही, ठोका मोजायचा.

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेव आणि घड्याळात बघून तीस सेकंद मोज, त्याची दुप्पट कर. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर घरात असेल तर तोही आकडा दाखवतो, पण फार वेगात तो चुकतो, म्हणून हाताने मोजलेलं बरं. नुसतं बसल्या जागी घाबरून ठोका बहुधा ११०-१३० च्या आसपास जातो, आणि बोलताना, श्वास सोडताना कमी-जास्त होतो. बसल्या जागी १६०, १८० आणि तोही घड्याळाच्या टिकटिकीसारखा एकाच वेगात, तू पाणी प्यायलीस काय नि आडवी झालीस काय, हलायला तयार नाही, तर ते भीतीने होत नाही. मोजता येत नसेल तर टेबलावर बोटाने तो ताल वाजवून ठेव आणि डॉक्टरांनाही वाजवून दाखव. एकसारखा की वेडावाकडा, त्यावरून त्यांना पुष्कळ कळतं.

असं का होतं सांगते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतली वीज एका नाक्यावरून खाली उतरते. काहींना त्या नाक्यावर जन्मतः एकाऐवजी दोन वाटा असतात. एखादा अवेळी ठोका एका वाटेने उतरतो, दुसरीने परत चढतो, आणि वीज तिथेच गोल फिरत बसते. याला डॉक्टर एसव्हीटी म्हणतात. बायकांत हा प्रकार जास्त दिसतो. वरचे आणि खालचे कप्पे जवळजवळ एकाच वेळी आवळतात, म्हणून रक्ताचा धक्का मानेकडे उलटा येतो. धाकटी म्हणायची, "गळ्यात बेडूक उड्या मारतोय." आम्हाला ती तिची बोलायची पद्धत वाटायची, ती तर खूण होती. दुसरी खूण अशी की झटका येऊन गेल्यावर तिला सारखी भरपूर लघवी व्हायची. वरचे कप्पे ताणले की तसा हार्मोन सुटतो.

अशा वेळी माणूस घाबरणारच. हृदय १८० ने पळतंय, दम लागतोय, मग हातपाय थरथरतात, मरणाची भीती वाटते. म्हणजे पॅनिकची सगळी लक्षणं हजर. अमेरिकेत १९९७ साली एसव्हीटीच्या १०७ रुग्णांची माहिती छापून आली. त्यांतले ६७ टक्के पॅनिकच्या निकषांतही बसत होते. म्हणजे भीती आहे एवढ्यावरून हृदय सुटत नाही.

आता उलट बाजू. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात, जांभया नि उसासे येतात, दीर्घ श्वास घेऊनही समाधान होत नाही, आणि ठोका मात्र १२० च्या आतबाहेर. हे भराभर श्वास घेतल्याने होतं. तेव्हा चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घे, सहा-आठ मोजत सोड. कागदाच्या पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय करू नकोस. आजार हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर तो अंगाशी येतो. पॅनिक हा खरा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, लाजायचं काही नाही. पण तो शिक्का बसण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. सहा-सात हिमोग्लोबिनची बाई जिना चढून धापा टाकते आणि घरचे तिला घाबरट म्हणतात, हे मी फार पाहिलं.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे धडधड चालू असतानाची पट्टी. थांबल्यावरचा ईसीजी एसव्हीटीतही बहुतेकदा नॉर्मलच येतो. धाकटीला चोवीस तासांचा होल्टर लावला, त्या दिवशी काही झालंच नाही. शेवटी एकदा सुरू झाल्या झाल्या भाऊजींनी तिला थेट तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, केसपेपरच्या रांगेतूनच ओरडून सांगितलं, "आधी ईसीजी काढा." पट्टीवर १८६, एकसारखा. अ‍ॅडेनोसिनची सुई शिरेतून दिली. दोन-चार सेकंद तिला जीव गेल्यासारखं वाटलं, मग ठोका ८८ वर. पुढे मांडीतून तार घालून ती जादा वाट जाळली. आता ती वाकून रांगोळी काढते.

चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, पळताना किंवा जिना चढताना सुरू होणं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यातलं काहीही असेल तर आकडे मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी दाखवायचं. त्या घडीला होत असेल तर १०८, आणि स्वतः गाडी चालवायची नाही. तुझ्या आजीसारख्या वयात ठोका वेडावाकडा लागला तर तेही टाळू नये, त्यात मेंदूत रक्ताची गाठ जाण्याचा धोका असतो.

एसव्हीटी आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच एक युक्ती घरी करायची. मागे टेकून अर्धवट बस. दहा एमएलच्या रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या जरा हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंक. लगेच सपाट झोप आणि कुणीतरी दोन्ही पाय उचलून पंधरा सेकंद तिरके धरायचे. पुष्कळांचा ठोका तेवढ्यानेच जागेवर येतो. मान मात्र दाबायची नाही. दोनदा करून थांबलं नाही तर दवाखाना गाठायचा.

आणि ती पट्टी मिळाली की त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढ, दोन झेरॉक्स काढ. तो कागद फॅक्सच्या कागदासारखा असतो, वर्षा-दोन वर्षांत रेघा उडतात. जपून ठेवायची म्हणून लॅमिनेशनला देऊ नकोस. धाकटीची पहिली पट्टी भाऊजींनी हौसेने दिली होती. उष्णतेने सगळी काळी होऊन आली.