पाऊस पन्नास, बेरीज तीस!

एका शाळेतील विद्यार्थ्यांनी पाच दिवस पर्जन्यमापकाने पाऊस मोजला आणि त्याच्या नोंदी संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये भरल्या. स्प्रेडशीट म्हणजे उभ्या-आडव्या चौकटींचा कागदच. प्रत्येक चौकटीला तिचा स्तंभ व ओळ यांवरून नाव असते.

```
     A       B
1    वार     पाऊस
2    सोम     12
3    मंगळ    8
4    बुध     20 मिमी
5    गुरू     6
6    शुक्र     4
7    एकूण    =SUM(B2:B6)
```

तोंडी बेरीज केली तर ५० येते. संगणकाने मात्र ३० दाखवले! असे का व्हावे?

B4 ही चौकट नीट पाहा. तेथे अंकांपुढे ‘मिमी’ लिहिले आहे. त्यामुळे संगणकाच्या लेखी ती संख्या नसून मजकूर झाला. `SUM` मजकूर मुकाट्याने वगळते. तीच बेरीज `=B2+B3+B4+B5+B6` अशी केली, तर मात्र `#VALUE!` ही सूचना येते. ही सूचना पाहून आपण सावध तरी होतो. चुकीचे ३० तसेच वहीत उतरले असते.

असा मजकूर ओळखायचा कसा? आपण मांडणी बदलली नसेल, तर संख्या चौकटीत उजवीकडे सरकून बसतात आणि मजकूर डावीकडे. शिवाय `=COUNT(B2:B6)` हे सूत्र फक्त संख्या मोजते. येथे त्याचे उत्तर ४ येईल. नोंदी तर पाच आहेत! उपाय सोपा आहे. B4 मध्ये नुसते 20 लिहावे आणि एकक वर मथळ्यात, ‘पाऊस (मिमी)’ असे द्यावे. आता बेरीज ५० येते.

पुढे विद्यार्थ्यांनी रोजच्या पावसाची टक्केवारी काढायला घेतली. C2 मध्ये `=B2/B7` लिहून त्यांनी त्या स्तंभाला टक्केवारीचे रूप दिले. उत्तर २४% आले, ते बरोबरच होते. तेच सूत्र खाली उतरवताच C3 मध्ये `#DIV/0!` दिसले. कारण सूत्र एक घर खाली गेले, की त्यातील दोन्ही पत्तेही एक घर खाली सरकतात. B2 चे B3 झाले, ते हवेच होते. पण B7 चे B8 झाले. B8 रिकामी, म्हणजे भागाकार शून्याने!

समजा, B8 मध्ये आधीच्या आठवड्याची बेरीज ४० लिहिलेली असती, तर? मंगळवारचे उत्तर १६% ऐवजी २०% आले असते आणि कोणतीही सूचना मिळाली नसती. म्हणून जो पत्ता जागचा हलू नये, त्याला `$` या चिन्हाने खिळवून ठेवतात:

```
=B2/$B$7
```

हे सूत्र खाली उतरवल्यास अनुक्रमे २४, १६, ४०, १२ आणि ८ टक्के मिळतात. त्यांची बेरीज करून पाहा. ती १०० भरली नाही, तर कोठेतरी पत्ता सरकला आहे किंवा एखादी संख्या मजकूर होऊन बसली आहे, असे समजावे.