जोखीम नोंदवहीतील एक नोंद

“पावसाळ्यात पाणी दूषित होण्याचा संभव, ग्रामपंचायतीने दक्षता घ्यावी.” या नोंदीवरून कोणी, केव्हा, काय करावयाचे हे कळत नाही. तीच नोंद अशी लिहावी :

जोखीम : ब्लीचिंग पावडर दमट हवेने निकामी झाल्यास विहिरीचे पाणी निर्जंतुक न होता घरोघरी जाईल.
संभाव्यता : मोठी, साठा उघड्या पोत्यात आहे.
परिणाम : गंभीर, अतिसाराची साथ.
जबाबदारी : जलसुरक्षक.
उपाय : रोज सकाळी शेवटच्या नळावर क्लोरीनची चाचणी, प्रमाण लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमहून कमी आढळल्यास त्याच दिवशी ताज्या पावडरीने पुन्हा शुद्धीकरण.

जबाबदारी एकाच पदावर असावी. समितीवर टाकलेली चाचणी कोणाचीच राहत नाही. संभाव्यतेपुढे कारण लिहिलेले असले, म्हणजे साठा बंद डब्यात हलविल्यावर ती कमी करता येते.