डायरीच्या फोटोंतून महिन्याचा हिशेब

प्रश्न : रोजचा खर्च मी डायरीत लिहिते. पानांचे फोटो काढले आहेत. मासळी, भाजी, दूध यांची महिन्याची वेगवेगळी बेरीज कशी काढू?
– एक गृहिणी, अर्नाळा

उत्तर : ताई, मोबाइलवर गूगल शीट्समध्ये प्रत्येक महिन्याचं वेगळं पान करा. A ते D या रकान्यांत तारीख, तपशील, गट आणि रक्कम लिहा. फोटो बघून एका खर्चाला एक ओळ द्या. ‘बाजार 340’ अशी नोंद असेल, तर मासळी आणि भाजी वेगळी करा.

गूगल लेन्सने फोटोतला मजकूर उचलता येतो, पण हस्ताक्षरात ते चुकतं. समजा, पानावर मासळी 250/-, भाजी 90, दूध 64, रिक्षा 40 आहे, बेरीज 444. लेन्सने ‘/-’ला एक समजून 2501 वाचलं, तर बेरीज 2695 होईल. म्हणून प्रत्येक पानाची बेरीज डायरीशी ताडून मगच पुढे जा.

आता F1 मध्ये ‘मासळी’ लिहा आणि G1 मध्ये हे सूत्र टाका :

```
=SUMIF(C:C,F1,D:D)
```

F2 मध्ये भाजी, F3 मध्ये दूध आणि त्याखाली रिक्षासारखे बाकीचे गट लिहा, मग G1 कॉपी करून G रकान्यात त्या ओळींसमोर पेस्ट करा. गटाचं नाव सगळीकडे सारखंच हवं. ‘मासळी’ऐवजी कुठे ‘मासोळी’ लिहिलंत, तर ती रक्कम सुटेल. रकमेत फक्त इंग्रजी अंक लिहा. आकडा डावीकडे सरकलेला दिसला, तर शीट त्याला मजकूर समजते आणि बेरजेत धरत नाही.

शेवटी सगळ्या गटांची बेरीज डायरीतल्या महिन्याच्या एकूण खर्चाशी जुळली पाहिजे.