सवलत द्या, पण ती एका नजरेत कळू द्या
बिलावरची एक ओळ सुधारूया

मैत्रिणींनो, आपले बरेच गट आता घरगुती गिऱ्हाइकापुरते राहिलेले नाहीत. नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या हॉटेलांना आणि होमस्टेला कोकम आगळ, पापड, कुळीथ पीठ असा माल जातो. तो बहुतेक उधारीवर जातो. पैसे लवकर यावेत म्हणून काही गट बिलाखाली सवलतीची ओळ लिहितात. ती साधारण अशी असते:

"सदर बिलाची रक्कम बिल मिळाल्यापासून १० दिवसांचे आत अदा केल्यास २ टक्के सवलत देण्यात येईल, अन्यथा ३० दिवसांचे आत संपूर्ण रक्कम देय राहील."

ओळीत चूक काही नाही. पण हॉटेलचा मॅनेजर ती वाचून कॅलेंडर काढत नाही आणि कॅल्क्युलेटरही काढत नाही. तो बिल खिळ्याला अडकवतो. सवलत द्यायची आपली तयारी असते, घेणाऱ्याला ती दिसतच नाही.

आपल्या घरातच नमुना आहे

महावितरणचं बिल काढून बघा. वेळेआधी वीजबिल भरणाऱ्याला तत्पर भरणा सवलत मिळते. नियम असा की बिल निघाल्यापासून ७ दिवसांत भरलं तर कर वगळून बिलाच्या रकमेवर १ टक्का सूट. पण बिलावर आपण हा नियम शोधत बसत नाही. तिथे तारीख आणि रक्कम जोडीने छापलेली असते: या तारखेपर्यंत भराल तर इतके, या तारखेनंतर भराल तर इतके. दिवस मोजायचं आणि टक्का काढायचं काम बिल देणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. आपल्याला एवढंच शिकायचं आहे.

आपलं बिल घेऊन करून बघू

समजा, मुरूडच्या एका गटाने दिवेआगरच्या हॉटेलला माल दिला. माल रु. ८,०००, टेम्पो आणि जेटीचं भाडं रु. ३००, एकूण रु. ८,३००. बिलावर तारीख ३ नोव्हेंबर २०२५. माल आगरदांड्याहून जेटीने दिघीला उतरून हॉटेलात पोचला ५ तारखेला.

पहिला प्रश्न, १० दिवस कुठून मोजायचे? "बिल मिळाल्यापासून" म्हटलं की हॉटेलवाला म्हणणार, "ताई, बिल तर मला ५ तारखेला मिळालं, मी १५ पर्यंत भरणार." आपल्या वहीत मात्र १३ तारीख. दोघंही खरं बोलतात, आणि भांडण होतं. म्हणून दिवस लिहूच नका, तारीख लिहा आणि सोबत वार लिहा: गुरुवार, १३ नोव्हेंबर. माल पोचायला दोन दिवस लागतात हे माहीत असेल तर ते धरूनच तारीख ठरवा.

दुसरा प्रश्न, २ टक्के कशावर? एकूण रकमेवर काढले तर रु. १६६ होतात, नुसत्या मालावर काढले तर रु. १६०. भाडं तर आपण टेम्पोवाल्याला पूर्ण दिलेलं असतं, त्यात सूट देण्यासारखं काही नाही. म्हणून सूट मालावरच, रु. १६०. बिलावर टक्का लिहिला नाही तरी चालेल, रुपये लिहिलेच पाहिजेत. "२ टक्के" वाचून कोणी जागचं हलत नाही, "रु. १६० वाचतील" हे लगेच कळतं.

तिसरा प्रश्न, पैसे भरले असं कधी धरायचं? चेक लिहिला त्या दिवशी की खात्यात आले त्या दिवशी? "गटाच्या खात्यात जमा" असं लिहिलं की प्रश्नच उरत नाही. आणि अर्धे पैसे आधी दिले तर सूट नाही, पूर्ण रक्कम एकदम आली तरच सूट, हेही लिहा.

आता तीच ओळ नव्याने लिहू:

गुरुवार, १३ नोव्हेंबरपर्यंत भरल्यास: रु. ८,१४० (रु. १६० वाचतील)
त्यानंतर, बुधवार, ३ डिसेंबरपर्यंत: रु. ८,३००
पूर्ण रक्कम १३ तारखेपर्यंत गटाच्या खात्यात जमा झाली तरच सूट. सूट फक्त मालावर आहे, भाड्यावर नाही.

ठळक दोन ओळी बिलाच्या वरच्या भागात, एकूण रकमेच्या लगेच खाली घ्या. अटीची ओळ लहान अक्षरात चालेल, पण तिथेच हवी, मागच्या पानावर नको. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना "नमस्कार, आपल्या सहकार्याबद्दल आभार" अशी सुरुवात करू नका. मेसेज न उघडता पहिलेच चार-सहा शब्द दिसतात. तिथे "१३ नोव्हेंबरपर्यंत रु. ८,१४०" असू दे, आभार शेवटी माना.

छापण्याआधी एक हिशोब

ही सूट आपल्याला परवडते का, ते आधी बघा. गटातून आपण महिना १ टक्का व्याजाने कर्ज घेतो असं धरू. हॉटेलवाला ३० दिवसांत नक्की पैसे देणारा असेल तर सुटीमुळे पैसे फक्त २० दिवस आधी येतात. रु. ८,००० चं २० दिवसांचं व्याज साधारण रु. ५३. म्हणजे रु. ५३ वाचवायला आपण रु. १६० देतो. अशा गिऱ्हाइकाला सुटीची गरज नाही. पण जो तीन-तीन महिने टोलवतो, त्याच्याकडून ८० दिवस आधी पैसे आले तर व्याज वाचतं साधारण रु. २१३. तिथे रु. १६० सोडणं परवडतं. म्हणून सरसकट सगळ्यांच्या बिलावर ही ओळ छापू नका.

तारीख उलटून सूट कापली तर

हे हमखास होतं. २० तारखेला पैसे येतात आणि रक्कम असते बरोबर रु. ८,१४०. खातं तपासताना जमा झालेली रक्कम आणि तारीख दोन्ही बघा, नुसती रक्कम जुळली म्हणून बिलावर फुली मारू नका. त्याच दिवशी कळवा: "दादा, सुटीची तारीख १३ होती, पैसे २० ला आले. रु. १६० पुढच्या बिलात मागील बाकी म्हणून धरते." एकदा गप्प बसलात की पुढच्या वेळी ती तारीख कोणी पाळणार नाही. बिलावर तारीख स्पष्ट असेल तर हे बोलायला अवघड जात नाही.

मासिक बैठकीत करून बघा

गटाचं एक जुनं बिल घ्या आणि वरीलप्रमाणे सुटीच्या ओळी लिहा. मग ज्या ताईने ते लिहिलेलं नाही तिच्या हातात द्या, दहा आकडे मोजा आणि बिल परत घ्या. तिला तीनच गोष्टी विचारा: किती भरायचे, कधीपर्यंत, आणि किती वाचतील? तिन्ही उत्तरं न अडखळता आली तर ओळ जमली. एकावर जरी ती थबकली तर तेवढाच भाग पुन्हा लिहा, आणि दुसऱ्या ताईला दाखवा.