अकरा कामं, एकच नोंद

मुलीने नोकरी सोडली, तीन वर्षं घरून वेबसाइटची कामं केली आणि आता तिला पुन्हा नोकरी हवी आहे. ‘या तीन वर्षांचं काय सांगायचं?’ ही घरच्यांची धास्ती असते. खरी अडचण बहुतेकदा बायोडेटाच्या मांडणीत असते.

समजा, जून २०२२ ते मे २०२५ या काळात तिने अकरा क्लायंटची कामं केली. ती अकरा ठिकाणी लिहिली, तर वाचणाऱ्याला धरसोड दिसते. म्हणून आधीच्या नोकरीसारखीच एक नोंद करावी: ‘वेब डेव्हलपर (स्वतंत्र), जून २०२२ ते मे २०२५’. ‘संस्थापक’ असं भारदस्त पद लावू नये. ही बाई आपल्याकडे टिकेल का, अशी शंका त्यातून उगाच येते.

त्या नोंदीखाली हव्या असलेल्या पदाशी जुळणारी तीनच कामं घ्यावीत. प्रत्येकाचा आवाका, त्यात आपला वाटा आणि शेवटी काय बदललं, हे सांगावं. ‘कपड्यांच्या दुकानाची वेबसाइट केली’ यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘चारशे वस्तूंचं ऑनलाइन दुकान चार महिन्यांत एकटीने नव्याने बांधलं; पेमेंट आणि साठ्याची नोंद जोडली. पान उघडायला सहा सेकंद लागत, ते अडीचवर आले.’ आकडे हाताशी नसतील तर क्लायंटला आजच विचारावं. तेही न मिळाल्यास ‘याच दुकानाने पुढची दोन वर्षं देखभालीचं काम दिलं’ हाही परिणामच आहे. गोपनीयतेचा करार असेल तिथे नाव न देता ‘पुण्यातील औषध वितरक’ एवढंच लिहावं.

निवड झाल्यावर पार्श्वभूमीची पडताळणी होते. पीएफच्या नोंदीत ही तीन वर्षं कोरी दिसणार आणि पगारपत्रकही नसणार. म्हणून इन्व्हॉइस, बँकेतल्या जमा रकमा, त्या वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि दोन क्लायंटची पत्रं एका फोल्डरमध्ये तयार ठेवावीत. क्लायंटने टीडीएस कापला असेल, तर तो फॉर्म २६एएसमध्ये दिसतो. पगाराची बोलणी करतानाही हीच विवरणपत्रं उपयोगी पडतात.

मात्र मध्ये पाच महिने कामच नसेल, तर ते दडवू नये. इन्व्हॉइसच्या तारखा ते उघड करतात. कारण एका वाक्यात सांगून पुढे जावं.

‘मग आता नोकरी का?’ हा प्रश्न येणारच. ‘एकटीने चारशे वस्तूंचं दुकान उभं केलं, चार लाख वस्तूंचं करायला टीम लागते,’ असं उत्तर बायोडेटातल्या ओळीशी जुळतं. हातातली उरलेली कामं कधी संपणार, ती तारीखही तेव्हाच सांगावी. अनेक कंपन्या नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाला मनाई करतात.