बांबू की साग?

चि. छोटीस,


लेकाच्या बाईंना लिहिलेल्या तुझ्या चिठ्ठीचा कच्चा मसुदा वाचला. ‘आपण चुकीचे तपासले आहे’ हे पहिलंच वाक्य काढून टाक. बाईंनी चुकीचं तपासलेलं नाही, आणि तुझा लेकही चुकलेला नाही.

प्रश्न होता, ‘गटात न बसणारा शब्द ओळखा : साग, मोह, बांबू, तेंदू.’ उत्तरसूचीत बांबू आहे, कारण तो गवताच्या कुळातला आणि बाकीची तिन्ही झाडं. पोरानं साग लिहिलं. का, ते त्याला विचारलंस हे बरं केलंस. ‘मोहफुलं, तेंदूपत्ता आणि बांबू गावातले लोक गोळा करून विकतात, सागाला हात लावता येत नाही,’ हे त्याचं कारण गडचिरोलीच्या पोरालाच सुचावं. 2006 च्या वनहक्क कायद्यातही बांबू गौण वनोपजातच धरलाय. तुमच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक 2011 च्या एप्रिलमध्ये मिळालं, ते याच आधारावर. गंमत म्हणजे 1927 च्या वन कायद्याच्या व्याख्येत बांबू चक्क झाडांत होता. 2017 मध्ये तिथून काढला. मोठ्यांनाच ठरवायला नव्वद वर्षं लागली!

पण प्रत्येक कारण चालत नाही. एकच कसोटी लावून तिघं एका बाजूला आणि एकच बाहेर पडला पाहिजे. ‘मोह वेगळा, कारण तो खातात’ म्हटलं असतं तर पडलं असतं. टेंभरं आणि वास्तेही आपण खातोच. सागाचं कारण या कसोटीवर टिकतं. मात्र आधी पानाचा मथळा बघ. ‘वनस्पतींचे प्रकार’ असं वर छापलेलं असेल तर कसोटी दिलेलीच आहे. मग बांबू हेच उत्तर, आणि चिठ्ठी पाठवूच नकोस.

मथळा नसेल तर एवढंच लिही :

‘आदरणीय बाई, सादर नमस्कार. प्रश्न 4 मध्ये बांबू हे उत्तर बरोबर आहे, ते मुलाला समजावले. त्याने साग लिहिले, कारण बाकी तिन्हींपासून गौण वनोपज मिळते आणि साग इमारती लाकडासाठी ओळखला जातो. प्रश्नात कसोटी दिलेली नसल्याने हे उत्तरही चालेल का, ते आपण पाहावे. गुणासाठी आग्रह नाही. आपली, (सही)’

कायद्याचं कलम, मेंढ्याची गोष्ट यातलं काही त्यात घालू नकोस. बाईंनी विचारलं तर तोंडी सांग. आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर तर मुळीच टाकू नकोस. सगळ्यांसमोर आलं की चांगली बाईही उत्तरसूचीला धरून बसते; मीही बसले होते एकदा, ‘टोमॅटो फळ की भाजी’वरून.

चिठ्ठी घडी करून त्याच पानाला टाचणीनं लाव, नाहीतर दप्तराच्या तळाशी डब्याच्या तेलात भिजेल.

तुझी
आत्या